फलकाच्या फोटोवरून मैदान आखताना: एक प्रकरण

आमच्या मंडळाच्या महिला गटाच्या सामन्यांसाठी मातीचे मैदान आखण्याचे काम या वर्षी एका नव्या कार्यकर्तीकडे आले. ती कबड्डी कधी खेळलेली नव्हती. दूरचित्रवाणीवर मॅटवरचे सामने तिने पाहिले होते, पण त्या मॅटवरच्या रेषा कशासाठी असतात, हे विचारण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती. तिने शेजारच्या एका मैदानाच्या भिंतीवर रंगवलेल्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढला, त्यावरून कागदावर आराखडा केला आणि सामन्यांच्या दोन दिवस आधी तो फोटो व आराखडा माझ्याकडे पाठवला. सोबत एवढेच लिहिले होते: "काका, यातला रेडर झोन, बोनस लाइन आणि लॉबी एकदा समजावून सांगा, म्हणजे उद्या फक्की मारायला घेते."

मी अनेक वर्षे स्थानिक सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे तिचा प्रश्न मला पाच मिनिटांचा वाटला. प्रत्यक्षात त्या फोटोत आणि तिच्या आराखड्यात मिळून चार गैरसमज दडलेले निघाले आणि त्यांपैकी एक तसाच राहिला असता, तर संपूर्ण स्पर्धा चुकीच्या मापाच्या मैदानावर खेळली गेली असती. नवख्या माणसाला मैदानाची आकृती कुठे फसवते, हे या एका फोटोवरून चांगले कळते, म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर मांडत आहे.

फोटोत काय होते

फलक भिंतीवर बराच उंच रंगवलेला होता आणि फोटो खालून, डाव्या बाजूने काढलेला होता. त्यामुळे आकृतीतला आयत आयत राहिला नव्हता; खालची कड रुंद आणि वरची अरुंद दिसत होती. शिवाय वरच्या अर्ध्या भागावर उन्हाची तिरीप पडून पांढरी चकाकी आली होती आणि तिथल्या एका रेषेचा पत्ताच लागत नव्हता. आकृतीवर तीन नावे ठळक होती. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या रुंद पट्ट्यांत "रेडर झोन", खालच्या अर्ध्यातल्या एका आडव्या रेषेवर "बोनस लाइन" आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या अरुंद पट्ट्यांत "लॉबी". मापांपैकी "१३ मी." आणि "८ मी." एवढी दोनच वाचता येत होती, उजवीकडचे एक माप फोटोच्या कडेला कापले गेले होते.

यावरून तिने काढलेले अर्थ तिच्याच शब्दांत सांगायचे, तर असे होते: चढाई करणारीने रेडर झोनमध्ये राहायचे, त्यापुढे गेल्यास जादा गुण, बोनस लाइन एकाच संघाच्या बाजूला असते, लॉबी म्हणजे बाद झालेल्या खेळाडूंनी बसण्याची जागा, आणि मैदानाची रुंदी आठ मीटर, अधिक दोन्हीकडच्या लॉब्या. यातले एकही विधान तिने निष्काळजीपणाने केले नव्हते. चित्रात जे दिसले, त्याचा सरळ अर्थ लावला की अगदी हेच हाती येते.

"रेडर झोन" हे नाव

पहिली गोष्ट मी तिला सांगितली ती ही, की नियमांत मापे आणि अटी रेषांना जोडलेल्या आहेत. "रेडर झोन" हे फलक रंगवणाऱ्याने आपल्या सोयीसाठी घातलेले नाव आहे. मैदान मध्यरेषेने दोन अंगणांत विभागलेले असते. प्रत्येक अंगणात मध्यरेषेला समांतर दोन रेषा असतात. मध्यरेषेकडून जाताना पहिली लागते ती निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. त्यानंतर अंगण संपते ती अंतिम रेषा. फलकावर ज्याला रेडर झोन म्हटले होते, ती मध्यरेषा आणि निदानरेषा यांच्यामधली पट्टी होती.

ही पट्टी चढाई करणारीच्या मालकीची नाही. ती बचाव करणाऱ्या संघाच्याच अंगणाचा भाग आहे. बचाव करणाऱ्या मुली तिथे उभ्या राहू शकतात आणि तिथे पकडही करू शकतात. चढाई करणारीच्या दृष्टीने या पट्टीचा अर्थ नेमका उलट आहे: तिथे थांबून भागत नाही, ती ओलांडावीच लागते. मराठी नावातच हे सांगितलेले आहे. निदान म्हणजे किमान. निदान इथपर्यंत तरी आलेच पाहिजे, ती निदानरेषा. समोरच्या कोणालाही स्पर्श न करता आणि निदानरेषाही न ओलांडता चढाई करणारी परत आली, तर ती बाद होते आणि बचाव करणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. तिचा स्पर्श झाला असेल किंवा तिला धरण्याचा प्रयत्न होऊन झटापट झाली असेल, तर मात्र ही अट उरत नाही.

ओलांडणे म्हणजे काय, यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण बोनसचे कोडेही तिथेच सुटते. तिला वाटत होते की पाय रेषेला लागला की झाले. नियम तसा नाही. चढाई करणारीच्या शरीराचा एखादा भाग निदानरेषेच्या पलीकडे जमिनीला टेकलेला असला पाहिजे आणि त्याच क्षणी मध्यरेषा व निदानरेषा यांच्यामधल्या जमिनीला तिच्या शरीराचा कोणताही भाग टेकलेला नसला पाहिजे. म्हणजे एक पाय पुढे टाकला आणि मागचा अजून अलीकडेच रोवलेला असला, तर निदानरेषा ओलांडली गेली नाही. मागचा पाय उचलला, तो हवेत असला तरी चालतो, की ओलांडली गेली.

तिने यावर विचारलेला प्रश्न मला आवडला: "मग उडी मारून एकदम परत आली तर?" उत्तर असे की उडीने काही बिघडत नाही, पण पलीकडची जमीन पायाला लागलीच पाहिजे, नुसता पाय हवेतून रेषेवरून फिरवून आणला, तर तो हिशेबात येत नाही.

बोनस रेषा आणि एक मीटरची पट्टी

निदानरेषा आणि बोनस रेषा यांच्यात एकच मीटर असतो. फोटोत कोन तिरका असल्यामुळे हा एक मीटर बाकीच्या अंतरांशी ताडून पाहता येत नव्हता. वरच्या अर्ध्यात तर चकाकीने बोनस रेषा पुसलीच गेली होती. त्यामुळे ती रेषा एकाच बाजूला असते, असे तिला वाटणे स्वाभाविक होते. मी तिला फलकाजवळ पुन्हा जाऊन, सावली आल्यावर, समोरून फोटो काढायला सांगितले. संध्याकाळच्या फोटोत वरच्या अंगणातली बोनस रेषा स्वच्छ दिसली. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात, तेव्हा रेषाही दोन्ही अंगणांत असणारच. एकाच अंगणात रेषा दिसली, तर फोटोतच काही तरी हरवले आहे असे समजावे.

बोनस गुण मिळण्यासाठी ओलांडण्याची व्याख्या तीच आहे, फक्त रेषा बदलते. बोनस रेषेच्या पलीकडे पाय टेकलेला असला पाहिजे आणि त्या क्षणी रेषेच्या अलीकडच्या जमिनीला शरीराचा कोणताही भाग लागलेला नसला पाहिजे. रेषेवर पडलेला पाय हा पलीकडचा पाय नव्हे. पूर्ण रेषा ओलांडावी लागते. रेषेची रुंदी तीन ते पाच सेंटिमीटर असते आणि टाचेचा सगळा वाद त्या पाच सेंटिमीटरांत होतो.

याशिवाय दोन अटी आहेत, ज्या कोणत्याही आकृतीत दिसत नाहीत. समोर बचावाला किमान सहा खेळाडू असतील, तरच बोनस लागू होतो. पाच किंवा कमी असतील, तर ती रेषा जमिनीवर असूनही त्या चढाईपुरती नसल्यासारखी असते. दुसरी अट क्रमाची आहे. बोनस आधी झाला पाहिजे. स्पर्श किंवा झटापट आधी झाली आणि नंतर पाय बोनस रेषेपलीकडे गेला, तर बोनस मिळत नाही.

हे नुसते ऐकून लक्षात राहणार नाही, म्हणून तिच्या कागदावर आम्ही चार चढाया पेन्सिलीने काढल्या. गुणलेखनाला बसायची वेळ आली तर उपयोगी पडेल, हाही हेतू होता.

पहिल्या चढाईत समोर सात जणी आहेत. चढाई करणारी पुढे जाते, डावा पाय बोनस रेषेपलीकडे टाकते, पण उजवा पाय निदानरेषा आणि बोनस रेषा यांच्यामधल्या एक मीटरच्या पट्टीत जमिनीवरच आहे. कोणालाही स्पर्श न होता ती परत येते. बोनस मिळाला नाही, कारण मागचा पाय बोनस रेषेच्या अलीकडे टेकलेला होता. पण ती बादही नाही, कारण निदानरेषेच्या अलीकडे तिचा कोणताही अवयव टेकलेला नव्हता, म्हणजे निदानरेषा ओलांडली गेली. रिकामी चढाई, शून्य गुण. पायांची एकच ठेवण एका रेषेला पुरते आणि दुसरीला पुरत नाही, हे इथे तिच्या ध्यानात आले आणि दोन रेषा वेगवेगळ्या का आखायच्या, हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

दुसऱ्या चढाईत तीच खेळाडू उजवा पाय उचलते, बोनस पूर्ण होतो, आणि परतताना उजवी कोपरारक्षक तिचा घोटा धरते. ती परत येऊ शकत नाही. आता दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो: चढाई करणाऱ्यांना बोनसचा, बचाव करणाऱ्यांना पकडीचा. चढाई करणारी बाद होते. पकडीच्या गुणावर बचाव करणाऱ्यांची बाद असलेली एक खेळाडू, असल्यास, पुन्हा मैदानात येते; बोनसच्या गुणावर मात्र कोणीही परत येत नाही. गुणपत्रिकेत नवखे लोक हमखास चुकतात ते याच ठिकाणी. गुण बरोबर लिहितात आणि खेळाडू एक जास्त आत घेतात.

तिसऱ्या चढाईत हाताचा स्पर्श आधी होतो, मग घाईत पाय बोनस रेषेपलीकडे जातो आणि ती सुखरूप परत येते. स्पर्शाचा एक गुण, बोनस नाही. चौथीत समोर पाचच जणी आहेत, पाय अगदी निर्दोष पडला आहे, आणि प्रेक्षक बोनस म्हणून ओरडतात. गुण शून्य.

मातीच्या मैदानावर एक अडचण मॅटपेक्षा जास्त असते, ती तिला आधीच सांगून ठेवली. फक्कीची रेषा पायांनी विस्कटते, आणि सगळ्यात जास्त विस्कटते ती बोनस रेषाच, कारण प्रत्येक जण तिच्याभोवती पाय घासत असते. उत्तरार्धापर्यंत पाच सेंटिमीटरांची रेषा हातभर रुंद पांढरा डाग होऊन बसते आणि मग टाच रेषेवर होती की पलीकडे, हे सामन्याच्या मुख्य पंचाला, म्हणजे सरपंचालाही सांगता येत नाही. म्हणून मध्यंतरात दोन्ही अंगणांतल्या बोनस रेषांवर पुन्हा फक्की मारावी, दोरी लावून; हाताच्या अंदाजाने मारली, तर रेषा चार बोटे सरकते.

लॉबी

लॉबी या शब्दाने तिला थेट उपाहारगृहातल्या प्रतीक्षेच्या जागेकडे नेले होते, म्हणून बाद खेळाडू तिथे बसतात असा तिचा समज झाला. बाद खेळाडूंची बसण्याची जागा वेगळी असते; ती अंतिम रेषेच्या मागे दोन मीटरवर असते आणि फोटोच्या चौकटीत ती आलीच नव्हती. लॉबी, म्हणजे मराठी पुस्तकांतले राखीव क्षेत्र, ही मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना असलेली एकेक मीटर रुंदीची पट्टी आहे, आणि ती मैदानाच्या एकूण रुंदीतच धरलेली असते.

तिचे वैशिष्ट्य असे की ती एकाच चढाईत आधी मैदानाबाहेर असते आणि नंतर मैदानात येते. चढाई सुरू झाल्यापासून कोणाचा कोणाला स्पर्श होईपर्यंत लॉबी मैदानात धरली जात नाही. या काळात चढाई करणारीचा पाय लॉबीत पडला, तर ती बाद. बचाव करणारी लॉबीत गेली, तर ती बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्या चढाईपुरत्या दोन्ही लॉब्या मैदानाचा भाग होतात आणि चढाई करणारी तिथून धावत परत येऊ शकते. चढाई संपली की लॉबी पुन्हा बाहेर.

आकृतीत हे दाखवता येत नाही, कारण आकृतीला काळ नसतो. फलकावर लॉबी एकाच रंगात रंगवलेली असते आणि पाहणाऱ्याला ती आत आहे की बाहेर, एवढेच उत्तर हवे असते. मी तिला तिच्या आराखड्याच्या दोन प्रती काढायला सांगितल्या. एकीवर लॉबीच्या पट्ट्या काळ्या रंगवल्या आणि वर लिहिले, "स्पर्शापूर्वी". दुसरीवर त्या कोऱ्याच ठेवल्या आणि लिहिले, "स्पर्शानंतर". गुणलेखकाच्या टेबलावर हे दोन कागद ठेवण्याइतका उपयुक्त तक्ता मी तरी पाहिलेला नाही.

हा भेद किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण तिच्याही आठवणीत होते, फक्त त्याचा लॉबीशी संबंध तिला कळलेला नव्हता. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. शेवटच्या काही क्षणांत २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता त्याचा पाय लॉबीत पडला. त्याला धरायला इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. स्पर्श झालेला नाही म्हणजे लॉबी अजून बाहेर आहे, एवढे दोन्ही बाजूंना मान्य होते. वाद असा होता की चढाईपटू आधी बाहेर गेल्यामुळे चढाई तिथेच संपली असे मानायचे आणि फक्त त्यालाच बाद धरायचे, की त्याच्यामागे स्पर्शाशिवाय लॉबीत आलेले बचावपटूही बाद धरायचे. निर्णय बदलत राहिले, दोन्ही संघ मैदानात बसले, खेळ बराच वेळ थांबला. अखेर गुणांचा हिशेब भारताच्या बाजूने झाला आणि सामना ३३-२९ असा संपला.

स्थानिक स्पर्धेत हा प्रसंग येतो तेव्हा मैदानावर बसकण मारायला कोणाला वेळ नसतो, म्हणून आम्ही एक साधी सावधगिरी घेतो. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना बोलावून, स्पर्शाशिवाय लॉबीत कोण कोण बाद होईल, याचा त्या स्पर्धेपुरता नियम मोठ्याने सांगतो. तिने हे वाक्य स्पर्धेच्या सूचनापत्रात पहिल्या क्रमांकावर घातले. मी ते चौथ्यावर घातले असते, पण तिचेच बरोबर होते.

आठ मीटर, पण कोणते

आता तिच्या चौथ्या समजाकडे येतो, ज्याने माझीही झोप उडवली. फोटोत वाचता येणारे रुंदीचे माप आठ मीटर होते. तिने ते आतल्या भागाचे मानले, दोन्ही बाजूंना एकेक मीटर लॉबी जोडली आणि रुंदी दहा मीटर धरली. लांबीचे १३ मीटर पुरुषांचे असते, महिलांचे १२, हे तिला कोणीतरी सांगितले होते, म्हणून तिने लांबी तेवढी बदलली. तिच्या आराखड्यात मैदान झाले १२ बाय १०.

फलक पुरुषांच्या मैदानाचा होता. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्यात लॉब्यांचे दोन मीटर वजा केले की आत आठ उरतात, आणि फलकावरचे आठ ते हेच. फोटोत कापले गेलेले माप दहाचे होते. महिलांचे मैदान १२ मीटर लांब आणि एकूण ८ मीटर रुंद असते. म्हणजे लॉब्या वजा जाता आत सहाच मीटर. आठ हा आकडा दोन्ही मैदानांत येतो, एकात आतल्या रुंदीचा म्हणून आणि दुसऱ्यात एकूण रुंदीचा म्हणून. ज्याला हे माहीत नाही, त्याला कोणत्याही बाजूने फसायला वाव आहे.

तिच्या १२ बाय १० च्या मैदानात स्पर्शापूर्वी बचावाला सहाऐवजी आठ मीटर रुंदी सांभाळावी लागली असती. दोन मीटर म्हणजे एका मुलीच्या दोन्ही हातांच्या पसाऱ्यापेक्षाही जास्त. सात जणींची हातात हात घातलेली साखळी ज्या रुंदीला पुरते, तिथे मध्ये भगदाडे पडली असती आणि दिवसभर सगळ्या चढाया सोप्या झाल्या असत्या. कोणाला कारणही कळले नसते. यंदा चढाईपटू तयारीच्या आहेत, एवढेच सगळे म्हणाले असते.

आडव्या रेषांतही हाच घोळ होता. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर, तिथून बोनस रेषा एक मीटरवर आणि तिथून अंतिम रेषा १.७५ मीटरवर असते. बेरीज साडेसहा, म्हणजे बरोबर एक अंगण. महिलांच्या मैदानात निदानरेषा ३ मीटरवर, मग एक मीटर, मग दोन मीटर, बेरीज सहा. तिने कुठून तरी मिळवलेला ३.७५ चा आकडा बारा मीटरच्या मैदानात वापरला असता, तर बोनस रेषा आणि अंतिम रेषा यांच्यात सव्वा मीटरच उरला असता आणि कोपरारक्षकांना मागे सरकायला जागाच राहिली नसती. कोणतीही आकृती हाती आली की तीन अंतरांची बेरीज करून ती अर्ध्या लांबीशी जुळते का, एवढे तरी पाहावे, असे मी तिला सांगितले.

मापे पुसट असताना फोटो पुरुषांच्या मैदानाचा आहे की महिलांच्या, हे ओळखायची एक युक्ती मी तिला तिच्याच फोटोवर करून दाखवली. फोटो तिरका असला की पट्टीने अंतरे मोजण्यात अर्थ नसतो, कारण दूरची बाजू आखडलेली असते. पण सरळ रेषा तिरक्या फोटोतही सरळच राहतात. म्हणून एका अंगणाचे चार कोपरे घेऊन दोन कर्ण ओढायचे. ते जिथे छेदतात, तो त्या अंगणाचा खरा मध्य, फोटोत तो कितीही एका बाजूला दिसला तरी. महिलांच्या मैदानात निदानरेषा सहापैकी तीन मीटरवर असते, म्हणून ती त्या छेदबिंदूतूनच जाते. पुरुषांच्या मैदानात मध्य सव्वातीन मीटरवर येतो आणि निदानरेषा त्याच्या अर्धा मीटर पलीकडे राहते. तिच्या फोटोत निदानरेषा छेदबिंदूच्या स्पष्ट पलीकडे होती. ही युक्ती चालायला फलक मापात रंगवलेला हवा. हा मात्र कोणीतरी मन लावून रंगवलेला होता. नाव त्याने चुकीचे घातले असले, तरी रेषा बरोबर पाडल्या होत्या.

आखणीची सकाळ

मैदानावर तिने आधी मध्यरेषा घेतली, मग दोन्हीकडे सहा-सहा मीटरवर अंतिम रेषांच्या खुंट्या ठोकल्या. काटकोन साधले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी महिलांच्या मैदानात एक फार सोयीचा योग आहे: अंगण सहा बाय आठ असते, म्हणून त्याचा कर्ण बरोबर दहा मीटर येतो. वेगळे गणित करावे लागत नाही. पूर्ण मैदानाचा कर्ण सुमारे १४.४२ मीटर येतो, पण एवढ्या लांबीवर फीत लोंबते, म्हणून अंगणांचेच चार कर्ण मोजलेले बरे.

पहिले तीन कर्ण दहाला दहा आले. चौथा नऊ मीटर नव्वद आला. तिने माझ्याकडे पाहिले, मी काही बोललो नाही. तिने त्या कोपऱ्यातली खुंटी उपटली, जमिनीखाली लागलेला दगड कुदळीने काढून टाकला, खुंटी पुन्हा ठोकली आणि फीत परत लावली. मग दोरी लावून बोनस रेषेवर फक्की सोडायला सुरुवात केली, आधी त्या अंगणात, जिथे फोटोत चकाकी होती.